लग्नाच्या वहीत काय विचारावं?

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचं लग्न झालं. कार्यालयाच्या दारात, अत्तर-गुलाबपाण्याच्या शेजारी, एका टेबलावर आम्ही मखमली बांधणीची जाडजूड वही ठेवली होती. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत ‘आपल्या शुभेच्छा’ असं छापलेलं होतं. चार दिवसांनी पाहुणे पांगल्यावर आम्ही सगळे ती वही घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत ती वाचून संपली. ‘वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा’, ‘नांदा सौख्यभरे’, ‘उभयतांस शुभाशीर्वाद’, खाली सही. पानामागून पान हेच. या मुलाला लहानपणी रोज न्हाऊ-माखू घालणाऱ्या शेजारच्या काकूंनीही ‘सुखी राहा’ एवढंच लिहिलं होतं. त्याच काकूंनी पंगतीत माझ्या शेजारी बसून, हा चार वर्षांचा असताना पाण्याच्या रिकाम्या टाकीत कसा लपला होता आणि सगळा वाडा त्याला कसा शोधत होता, ते जिलबी गार होईपर्यंत सांगितलं होतं. ती गोष्ट वहीत असायला हवी होती. ती तिथे का आली नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला. मागच्या वर्षी मिरजेला भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा वहीचं काम मी मागून घेतलं.

काकूंना लिहिता येत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं, असं काही नव्हतं. आपल्याकडे लग्नात लिहायची परंपरा जुनी आहे. घरातला एखादा मामा नाहीतर आत्या वधू-वरांची, आई-वडिलांची, गावाची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायची, आणि तीही शार्दूलविक्रीडितात, म्हणजे ओळीला 19 अक्षरं मोजून. रंगीत कागदावर छापून ती मांडवात वाटलीही जायची. पण लग्नाच्या दारातली वही मात्र आपल्याला वेगळ्याच कामासाठी माहीत आहे. ती आहेराची वही. टेबलाशी बसलेला विश्वासू माणूस नाव, गाव आणि रक्कम लिहून घेतो, आपण पाकीट देतो आणि पुढे सरकतो. पाश्चात्त्य लग्नांतली पाहुण्यांची वहीसुद्धा मुळात सहीचीच आहे. क्वेकर पंथाच्या लग्नात तर हजर असलेले सगळे जण विवाहाच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून सह्या करतात. म्हणजे दारातली वही दिसली की हात आपोआप हजेरी लावतो. त्यात माणूस उभा असतो, मागे रांग असते, वरच्या पाहुण्याने लिहिलेली ओळ डोळ्यांसमोर असते. तीच ओळ थोडी फिरवून लिहिणं सगळ्यात सोपं. ‘आपल्या शुभेच्छा’ असं मागितलं की लोक शुभेच्छाच देणार. आम्ही मागितलं तेवढंच आम्हाला मिळालं होतं.

तेव्हा कोऱ्या वहीऐवजी वर एक ओळ छापलेलं, सुटं कार्ड द्यायचं ठरवलं. ती ओळ कशी असावी यात आमचा महिना गेला.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचली ती ओळ होती, ‘नवदांपत्याला तुमचा सल्ला’. ही मी केळवणांत तपासून पाहिली. लग्नाआधी भाचीची सहा केळवणं झाली. प्रत्येक ठिकाणी जेवणानंतर मी चार-पाच जणांच्या हातात कागद-पेन द्यायचे आणि काही न बोलता बाजूला बसायचे. सल्ला मागितल्यावर सगळ्यांनी लिहिलं, ‘एकमेकांना समजून घ्या’. हे खोटं नाही, पण ते कोणत्याही जोडप्याला चालेल. तिथेच मला ओळ पारखायची एक रीत सापडली. उत्तरातलं नाव अंगठ्याने झाकायचं आणि पाहायचं, हे कुणाच्या लग्नातलं आहे ते कळतं का? कळत नसेल तर चूक लिहिणाऱ्याची धरायची नाही, ओळ बदलायची. सल्ल्याची आणखी एक अडचण मला तिथेच दिसली. एक काकू नुकत्याच एकट्या पडल्या होत्या. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि घडी करून परत दिला. पाहुण्याला स्वतःच्या संसाराचा हिशेब मांडायला लावणारी ओळ नको, हे त्या दिवशी पक्कं झालं.

मग ‘तुमची सर्वांत आवडती आठवण’ करून पाहिलं. हे बरं वाटत होतं, पण कागद हातात घेतल्यावर लोक थांबायचे. ‘सर्वांत आवडती’ म्हटलं की माणूस मनातल्या मनात निवड करू लागतो, पंचवीस वर्षांच्या आठवणींतून एक नंबर काढायचा म्हणून अडतो, आणि शेवटी ‘खूप आठवणी आहेत’ असं लिहून मोकळा होतो. शब्द थोडेच बदलले. ‘ती लहान असताना एकदा…’ एवढीच ओळ दिली. ‘एकदा’ने निवडीचं ओझं उतरलं. कुठलीही एक वेळ चालते. शिवाय वाक्य अर्धं होतं, आणि अर्धं वाक्य हातात आलं की ते पुरं करावंसं वाटतं. जत्रेत हरवल्याची, पाटीवर उलटा ‘र’ काढल्याची, आजोबांचा चष्मा घालून पेपर वाचल्याची गोष्ट आली. एका कागदावर नाव न लिहिताही ती कुणाबद्दल आहे ते घरात सगळ्यांना कळलं.

मराठीत अशी अर्धी वाक्यं करताना एक गाठ पडते आणि ती छापायच्या आधीच सोडवावी लागते. ‘मी हिला पहिल्यांदा भेटलो’ असं छापलं तर बायकांनी काय करायचं? ‘भेटलो/भेटले’ अशी तिरकी रेघ घातली की ओळ सरकारी अर्जासारखी दिसते आणि लिहिणाराही अर्ज भरल्यासारखंच लिहितो. मी क्रियापदं बदलली. ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’, ‘मला आठवतं’ ही रूपं पुरुषाच्या आणि बाईच्या तोंडी सारखीच राहतात. म्हणून ‘मी हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा…’ असं केलं. दुसरी गाठ संबोधनाची. काकू नवरीला ‘तू’ म्हणणार, तिच्या हाताखालची मुलं ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणार, धाकटी चुलत बहीण ‘ताई, तू’ म्हणणार. ओळीत ‘तुला’ किंवा ‘तुम्हाला’ छापलं तर अर्ध्या लोकांना ते परकं वाटतं. ‘ती’, ‘तो’, ‘हे दोघं’ असं तिऱ्हाइतासारखं छापलं की ज्याने त्याने पुढे आपल्या नात्याप्रमाणे लिहावं. बऱ्याच जणांनी ‘ती लहान असताना एकदा’पासून सुरुवात करून तिसऱ्या ओळीत सरळ ‘तू’ वर उडी मारली. व्याकरण बिघडलं, पण त्या ठिकाणी माणूस वहीशी बोलायचं सोडून मुलीशी बोलायला लागलेला दिसतो. मला तीच जागा आवडते.

एकच ओळ सगळ्यांना पुरत नाही. लग्नाला आलेल्या चारशे माणसांत नवरीला लहानपणापासून ओळखणारी शंभरसुद्धा नसतात. काही नवरदेवाच्या कचेरीतले, काही दूरच्या नात्यातले, काही केवळ वडिलांच्या ओळखीचे. अशा माणसाला बालपणाची आठवण विचारली तर तो बिचारा ‘शुभेच्छा’ लिहूनच सुटका करून घेणार. म्हणून आम्ही चार ओळी ठेवल्या आणि प्रत्येकीचा कागद वेगळ्या रंगाचा केला. जवळच्यांसाठी ‘ती लहान असताना एकदा…’, आणि ‘तो’ घालून तशीच दुसरी. मित्रमंडळींना आणि सहकाऱ्यांना ‘या दोघांपैकी एकाने माझ्यासाठी एकदा…’. ज्यांची दोघांशीही फारशी ओळख नाही त्यांना ‘आज मांडवात मला दिसलेली, पण फोटोत न येणारी गोष्ट’. या शेवटच्या ओळीकडून माझी फार अपेक्षा नव्हती. पण दूरच्या एका पाहुण्याने लिहिलं की अंतरपाट धरलेल्या दोघांपैकी एकाचा हात भरून आला होता आणि तो गुपचूप दुसऱ्या हाताने कोपर धरून उभा होता. तो हात नवरीच्या भावाचा होता. आमच्यापैकी कुणीही ते पाहिलं नव्हतं.

वडिलांच्या ओळखीच्या लोकांसाठी ओळ शोधताना मात्र आम्ही अडलो. भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, एसटीत वाहक होते. त्यांचे जुने सहकारी सहकुटुंब येणार होते. ते नवरीला नावानेच ओळखत होते, पण दाजींना मात्र आमच्यापेक्षा जास्त. तेव्हा पाचवी ओळ केली, ‘हिच्या आईबाबांची एक गोष्ट, जी हिला कदाचित माहीत नसेल’. हिरव्या कागदावर छापलेली ही ओळ सगळ्यात भरून वाहिली. ‘कदाचित माहीत नसेल’ हे शब्द त्यात फार कामाचे आहेत. ते ऐकल्यावर माणसाला कळतं की आपल्याजवळ असलेली गोष्ट दुसऱ्या कुणाजवळ नाही. एका निवृत्त चालकाने लिहिलं होतं ते असं: ही जन्मली त्या दिवशी मी आणि हिचे बाबा पुण्याच्या गाडीवर होतो. स्वारगेटला फोनवर निरोप मिळाला. परतीला साताऱ्यापर्यंत हे प्रत्येक प्रवाशाला तिकीट देताना मुलगी झाली म्हणून सांगत होते. आगारात पोचल्यावर हिशेब केला तर सव्वीस रुपये कमी भरले. निम्मे त्यांनी घातले, निम्मे मी घातले. ते तेरा रुपये मी मागणार नाही. भाचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दाजींना होतं, पण त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

आता कागदाविषयी, कारण चांगली ओळ वाईट कागदावर वाया जाते. आम्ही उभी कार्डं केली, 4 इंच रुंद आणि 6 इंच उंच. वर ओळ, खाली साधारण एकेका सेंटिमीटरवर नऊ फिकट रेघा, तळाशी ‘नाव’ आणि ‘आमचं नातं’ अशा दोन जागा. माणूस जेवढ्या रेघा दिसतात तेवढ्या भरतो. चौथ्या केळवणात मी तीन रेघांचे कागद दिले तेव्हा सगळ्यांनी तीन ओळी लिहिल्या, सबंध कोरं पान दिलं तेव्हा बुजून दोनच. नऊ रेघांत मराठी अक्षर साधारण पन्नास शब्द बसतं, आणि एक छोटी गोष्ट सांगायला तेवढे पुरतात. ‘आमचं नातं’ ही जागा मात्र विसरू नये. पुतण्याच्या वहीत ‘सुनीलकाका’सारख्या सह्यांपुढे आम्ही आजही डोकं खाजवतो, कारण दोन्हीकडच्या घरांत मिळून त्या नावाचे तीन काका आहेत. कागद गुळगुळीत चकचकीत नको, कारण त्यावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि हळदीच्या, तुपाच्या बोटाने फरकटते. साधा खरखरीत जाड कागद आणि साधी बॉलपेनं चांगली. पेनं आम्ही तीन डझन आणली, परत आली एकोणीस.

सुट्या कार्डांचा मोठा फायदा असा की एका वेळी वीस माणसं लिहू शकतात आणि आधीच्याने काय लिहिलं ते दिसत नाही. पण काहीच दिसलं नाही तरी लोक बावरतात. म्हणून प्रत्येक रंगाचं एक भरलेलं कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं. ते आधी घरातल्याच माणसांकडून लिहून घेतलं होतं, आणि मुद्दाम बोलीत. माझ्या चुलत सासूबाईंनी त्यांच्या गडहिंग्लजकडच्या भाषेत लिहिलं होतं, तेच मी सगळ्यांत पुढे लावलं. छापील मराठी आली पाहिजे या भीतीने कितीतरी माणसं ‘हार्दिक’ आणि ‘मंगलमय’ या शब्दांमागे दडतात. समोर ‘पोरगी लई हट्टी हुती’ असं वाचलं की हात सैल होतो.

वेळेचंही तसंच. पुतण्याच्या वेळी वही दारात होती, म्हणजे माणूस घामाघूम होऊन आलेला, मुहूर्त गाठायच्या घाईत, हातात अजून पाकीट. भाचीच्या वेळी आम्ही टेबल दारातून हलवलं. अक्षता पडल्यावर माणसं स्टेजवर भेटायला रांग लावतात, आणि ती रांग अर्धा-पाऊण तास हलत नाही. त्या रांगेशेजारी खुर्च्या मांडल्या. कॉलेजात जाणारे दोन भाचे हातात पॅड आणि कार्डं घेऊन रांगेत फिरत होते. ‘काका, तुम्ही कुणाकडचे?’ एवढंच विचारायचं आणि उत्तरावरून रंग निवडून द्यायचा. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांचं, थरथरत्या हातांचं ते स्वतः लिहून घेत. लिहून घेताना त्यांना एकच ताकीद होती, वाक्य सुधारायचं नाही. आजी म्हणतील तसंच उतरवायचं, शेवटी त्यांचा अंगठा किंवा वाकडीतिकडी सही.

सगळं जमलं असं मात्र नाही. सीमेपलीकडच्या बेळगावकडून आणि विजापूरकडून आलेल्या पाहुण्यांतले काही जण मराठी बोलतात पण लिहायला कन्नडच बरं वाटतं. आम्ही ओळी फक्त मराठीत छापल्या होत्या. दोघांनी कन्नडमध्ये लिहिलं, बाकीचे कार्ड खिशात घालून गेले असावेत. ओळीखाली बारीक अक्षरात तीच ओळ दुसऱ्या लिपीत द्यायला हवी होती. शिवाय ‘या दोघांपैकी एकाने माझ्यासाठी एकदा…’ या ओळीवर नवरदेवाच्या मित्रांनी कॉलेजच्या जुन्या प्रेमप्रकरणाचा विषय काढला. मोकळी ओळ दिली की कुणीतरी तिकडे वळणारच. त्या कार्डांसाठी एका जाणत्या माणसाने आधी नजर फिरवावी आणि मगच ती पेटी नवरा-नवरीच्या हातात द्यावी. आम्ही तीन कार्डं बाजूला काढली आणि ज्याची त्याला निरोप न करता परत दिली. मुलांसाठी ओळच नको हेही तेव्हाच कळलं. त्यांना कोरं कार्ड आणि रंग दिले तर ती मांडव काढतात, आणि त्या मांडवात स्वतःला सगळ्यांत मोठं काढतात.

दोनशे चाळीस कार्डं छापली होती, त्यांतली एकशे एकतीस भरून आली. भरल्या कार्डांपैकी फक्त शुभेच्छा लिहिलेली अकरा. मी ती सगळी आठवड्याभरात वाचली आणि न लागणाऱ्या अक्षरांसाठी लगेच फोन केले. महिना उलटला की लिहिणाऱ्यालाही स्वतःचं अक्षर लागत नाही. मागे पेन्सिलीने तारीख आणि क्रमांक घातला, आणि कार्डं बांधायची नाहीत असं भाचीने ठरवलं. ती पेटीत सुटीच आहेत, म्हणजे एखादं काढून कुणाला दाखवता येतं. निवृत्त चालकाचं कार्ड मात्र पेटीत नाही. ते दाजींच्या पाकिटात आहे.

उरलेल्या कार्डांतली काही मी लग्नाला येऊ न शकलेल्यांना टपालाने पाठवली, आत पत्ता लिहिलेलं पाकीट घालून. गडहिंग्लजच्या आजींकडे गेलेलं हिरवं कार्ड तीन आठवडे परत आलं नाही, म्हणून आम्ही विषय सोडला होता. नंतर ते आलं. नऊ रेघा भरल्या होत्या, मागची कोरी बाजू भरली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘अजून एक कार्ड पाठव, आईची गोष्ट राहिली.’